मधले तेवीस दिवस

आमच्या ऑफिसात खिडकीपाशी एक टेबल आहे. त्याच्यावर एक भिंग, दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि कागदाच्या लांब पट्ट्यांचा गठ्ठा असतो. त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंना सगळे तारीखबाई म्हणतात. तोंडावर नाही, मागे. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

बाईंनी चौतीस वर्षं सरकारी अभिलेख कक्षात काढली. जुने सातबारे, मालकी बदलली की नोंद होते त्या फेरफाराच्या वह्या, कुरतडलेल्या कडांची रजिस्टरं यांच्यात. निवृत्त झाल्यावर महिनाभर घरी बसल्या, मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, घरात वाचायला काही नाही." मी वकील आहे, जमिनीच्या व्यवहारांचे कागद बघते. मला अशी व्यक्ती हवीच होती. त्यांना मी ठेवून घेतलं आणि पहिल्या आठवड्यातच माझ्या नाकात दम आला.

कारण बाई सावकाश. भयंकर सावकाश. मी एका दिवसात उरकायचं म्हणावं ते काम त्या चार दिवस पुरवणार. मी स्वभावाने उतावळी, चहासुद्धा निवेपर्यंत धीर नाही, दर वेळी जीभ भाजून घेते. आमची जोडी म्हणजे एका गाडीला एक घोडा आणि एक कासव. घोडा कोण ते सांगायला नको. पण गाडी खड्ड्यात जाण्यापासून कोणी वाचवली, ते सांगायला हवं.

गोष्ट शिवणाऱ्या ताईंची. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं शिवणकामाचं दुकान. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेलेली. वडिलांकडून वारसाने आलेली अडीच एकर कोरडवाहू जमीन त्यांच्या नावावर होती, पण दोन तासांच्या अंतरावर. दर हंगामाला दुकान बंद करून जायचं, मजूर लावायचे, उन्हात उभं राहून काम करून घ्यायचं आणि परत येऊन मशीनवर बसायचं. आता पाय कुरकुरायला लागले होते. शहराच्या कडेला, दुकानापासून वीस मिनिटांवर, एका निवृत्त गुरुजींची एक एकर पाण्याची जमीन विकायला निघाली होती. ताईंना तिथे रोपवाटिका करायची होती. त्या बोलायला लागल्या की हातांनी हवेत वाफे आखायच्या. मी कोणाला इतकं काही हवंसं वाटताना फार दिवसांनी पाहत होते.

"लांबची विकायची, जवळची घ्यायची," ताई म्हणाल्या. "लांबची आमच्या बांधाला लागून असलेले दादा घेताहेत. पैसे तयार आहेत त्यांचे."

सरळ काम. मी डायरी काढली. मंगळवारी विक्रीचं खरेदीखत, पैसे खात्यात, शुक्रवारी गुरुजींच्या जमिनीचं खरेदीखत. ताई खूश, मी खूश. फाइल बाईंच्या टेबलावर टाकली आणि म्हटलं, "गुरुजींच्या जमिनीचा शोध घ्या. झटपट."

बाईंनी झटपट हा शब्द ऐकल्याचं दाखवलं नाही.

गुरुजींच्या जमिनीचा तीस वर्षांचा शोध त्यांनी घेतला. सातबारा, त्यामागचे सगळे फेरफार, नोंदणी कार्यालयातली सूची. जमीन निर्वेध आहे का, कुळाची किंवा सरकारी अटीची तर नाही, बँकेचा बोजा आहे का, हे तर कोणीही बघतं. बाई पुढे जातात. गुरुजींनी ती जमीन एकोणीस वर्षांपूर्वी विकत घेतली होती. तर घेतली त्या दिवशी गुरुजी स्वतः शेतकरी होते का? मास्तरकी करणारा माणूस, त्याला शेतजमीन घेता आली कशी? त्यांनी शोधलं. गुरुजींची आई खरेदीच्या दोन वर्षं आधी गेली होती आणि गावाकडच्या जमिनीवर वारस म्हणून त्यांचं नाव लागलं होतं. तो फेरफार बाईंनी नकलेसह फाइलला लावला. गुरुजी पास.

"झालं तर मग," मी म्हटलं.

"जमिनीचं झालं," बाई म्हणाल्या. "माणसाचं राहिलंय."

"कुठल्या माणसाचं?"

"घेणाऱ्या. जमिनीचा शोध सगळे घेतात, मॅडम. मी घेणाऱ्याचा पण घेते."

आणि त्यांनी कागदाची एक पट्टी माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक खरेदीदाराची त्या अशी पट्टी करतात. वर माणूस, खाली नुसत्या तारखा. ताईंच्या पट्टीवर वरून खाली लिहिलं होतं: वडील वारले, वारसनोंद, शेतकरी असल्याचा दाखला, मंगळवार, शुक्रवार. मंगळवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये पेन्सिलने एक पोकळ चौकोन होता.

"हे काय?"

"या तीन दिवसांत ताई कोण आहेत?"

मी वैतागले. "कोण म्हणजे? ताई आहेत!"

"मंगळवारी त्यांनी सगळी जमीन विकली. दुसरी गुंठाभरही नाही. शुक्रवारी त्या खरेदीला उभ्या राहतील, तेव्हा त्या शेतकरी नसतील."

आमच्याकडे शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो, हे मला काय माहीत नव्हतं? पंधरा वर्षं लोकांना तेच तर सांगत आले होते. पण मी बघायचे ते ज्याच्या घरात जमीनच नव्हती अशा गिऱ्हाइकाचं; आणि ताईंची तर पिढ्यान् पिढ्यांची जमीन. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

"अहो, दाखला आहे की तहसीलदारांचा," मी म्हटलं.

"चार महिन्यांपूर्वीचा. दाखला त्या दिवसापुरतं बोलतो."

"तीन दिवसांत कोण बघायला जातंय?"

"आज कोणी नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "नोंदणीला ताई पर्समधला जुना सातबारा दाखवतील, दस्त नोंदला जाईल. अडला तर फेरफाराला अडेल. तिथेही नाही अडला तर दहा वर्षांनी कोणीतरी तक्रार करेल, नाहीतर ताईंकडून घेणाऱ्याने माझ्यासारखं कोणीतरी बसवलेलं असेल. तो दोन तारखा शेजारी ठेवेल."

मी ताईंना बोलावून घेतलं. त्यांना ते पटेना. "माझे वडील शेतकरी, आजोबा शेतकरी. मी काय आकाशातून पडले?"

"शेतकरीपण रक्तात असतं असं आपल्याला वाटतं," बाई त्यांना म्हणाल्या. "कायदा तसं बघत नाही. जमीन कसतो तो शेतकरी. स्वतः कसा किंवा मजूर लावून स्वतः लक्ष घाला, पण जमीन पाहिजे. नाहीतर मग ज्याच्याकडे पैसा पडून आहे तो प्रत्येक जण शेतं घेऊन ठेवेल आणि कसणाऱ्याला बांधावर उभं राहायलाही जागा उरणार नाही. म्हणून तो नियम. बिगरशेतकऱ्याला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ती मिळाली तर मिळाली. परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार बेकायदा. चौकशी लागली की जमीन सरकारजमा होऊ शकते."

"आणि पैसे?"

"गुरुजींना दिलेले असतील."

हवेत वाफे आखणारे ताईंचे हात मांडीवर पडून राहिले. त्यांच्याकडे आयुष्याची पुंजी म्हणून ही एकच जमीन होती; ती गेली असती आणि नवीही हातची गेली असती. आणि ती तारीख मी माझ्या हाताने, माझ्या डायरीत लिहिली होती. मला लाज वाटली. खरंच वाटली.

"थोडी ठेवून बाकीची विकू का?" मी विचारलं. "पाच गुंठे ठेवले की झालं."

"तुकडा पडतो. तुकडेबंदीत अडकू, इतका लहान तुकडा कायद्याने वेगळा करता येत नाही." बाईंना हेही आधीच सुचून झालं होतं. "उलटं करायचं. आधी घ्यायचं, मग विकायचं."

"पैसे विकल्यावरच येणार ना!" ताई म्हणाल्या.

"दादांशी आधी साठेखत करायचं. विकण्याचा करार, नोंदवलेला. त्याने मालकी जात नाही, ताबाही द्यायचा नाही, ताई मालक राहतात. दादांनी करारावरच बहुतेक रक्कम द्यायची. त्यातून गुरुजींची जमीन घ्यायची. ती नावावर झाली की मग दादांना पक्कं खरेदीखत."

कागदावर सुरेख होतं. फक्त दादांनी जमीन नावावर व्हायच्या आधी जवळजवळ सगळे पैसे मोकळे करायचे होते. दादांना मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, मी येडा दिसतो का?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आपण जाऊन येऊ." बाईंनी स्वतःहून कुठे जायचं काढलं, हे पहिल्यांदाच.

दोन तास गाडी चालवून आम्ही पोचलो. दादा विहिरीवर मोटारीचा वायसर बदलत होते. त्यांनी आम्हाला उलट्या बादल्यांवर बसवलं, पाणी दिलं, आणि पाना हातातून काही सोडला नाही. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता.

मी कायदा सांगितला. साठेखत नोंदवलेलं असलं की ताई फिरल्या तरी कोर्टातून खरेदी करून घेता येते वगैरे. दादा मान हलवत राहिले, म्हणजे पटत नव्हतं.

"तीन दिवसांचा प्रश्न आहे ना?" ते म्हणाले. "तीन दिवसांनी कोणाचं काय बिघडलंय?"

"माझ्या वडिलांचं," बाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. पाच वर्षं त्या माझ्या ऑफिसात होत्या; वडिलांचा शब्द त्यांनी कधी काढला नव्हता.

"आमची जमीन डोंगराकडेला होती," त्या सांगत होत्या, अगदी रजिस्टर वाचावं तशा. "वडिलांनी ती तीन तारखेला विकली. सव्वीस तारखेला दुसरी घेतली, विहिरीची. जुना उतारा दाखवला, दस्त झाला, फेरफारही मंजूर झाला. अकरा वर्षं त्यांनी ती कसली. मग पाटाच्या पाण्यावरून एकाशी वाकडं आलं. त्याने अर्ज केला, की हा घेताना शेतकरी नव्हता. चौकशीत वडील सांगत राहिले, मी जन्मापासून शेतकरी आहे. अधिकारी म्हणाले, ते खरं आहे, पण हे मधले तेवीस दिवस दाखवा."

"मग?" दादांनी विचारलं.

"ठरावीक मुदतीत व्यवहार उलटवून जमीन मूळ मालकाला परत करायची सोय होती. पण त्याने परत घ्यायची तर पैसे परत द्यायचे. त्याचे अकरा वर्षांपूर्वीच संपले होते. जमीन सरकारकडे गेली. वडील एका गोदामावर रखवालदार झाले. मी नववीत होते. नोकरीला लागले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी ते दोन्ही दस्त मी स्वतः काढून पाहिले. दोन वेगळ्या रजिस्टरांत होते. कोणीच ते शेजारी ठेवून बघितले नव्हते."

मोटारीशेजारी एक चिमणी काहीतरी टिपत होती. दादांनी पहिल्यांदाच पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "साठेखत कधी करायचं म्हणता?"

परतताना मी गाडीत विचारलं, "मला कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "गाडी जरा हळू चालवा."

साठेखत झालं, नोंदवलं. दादांनी पैसे भरले. दोन्ही खरेदीखतं एकाच दिवशी ठेवायची हा दादांचा हट्ट, तो आम्ही मान्य केला. बाईंची एकच अट: कुठलं आधी झालं ते कागदानेच सांगितलं पाहिजे. "दस्त सही केल्यापासून लागू होतो, नोंदवल्यापासून नाही. नुसता टोकनचा नंबर पुढचा असून भागत नाही. सहीसुद्धा त्याच क्रमाने." विक्रीचं खरेदीखत त्यांनी स्वतःच्या कापडी पिशवीत ठेवलं, बिनसहीचं, आणि पिशवी मांडीवर.

नोंदणी कार्यालय म्हणजे दोन पंखे, पंचवीस खुर्च्या आणि चाळीस माणसं. आम्ही दहापासून बसलो होतो. दादा आले, साक्षीदार आले, ताई इस्त्रीच्या साडीत आल्या. गुरुजी आले नाहीत. फोन लागेना. अकरा वाजले, साडेअकरा वाजले.

पावणेबाराला संगणकावरच्या ऑपरेटरने आमचं पहिलं टोकन पुकारलं. गुरुजी नाहीत. त्याने पुढचं टोकन पुकारलं, तेही आमचंच, दादांचं. "दुसऱ्या दस्ताची पार्टी हजर आहे ना? मग तो आधी घ्या. जेवणानंतर सर्व्हरचं काही सांगता येत नाही."

दादा उठले. ताई पण उठल्या. आणि मी, हे सगळं माहीत असलेली मी, उठले. इतक्या वेळ बसून बसून माझा धीर संपला होता. एकदा उरकून टाकू, गुरुजी येतीलच अर्ध्या तासात, असं मनात आलं. ऑफिसची एक जादा प्रत माझ्या फाइलमध्ये होती. मी ती काउंटरवर ठेवली. ताईंनी पेन हातात घेतलं.

बाईंनी ताईंचा हात धरला. मनगटावर, घट्ट. "पेन खाली ठेवा."

"अहो, अर्ध्या तासाचा फरक," मी म्हटलं.

"मॅडम," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या रांगेतली माणसं वळली. "तेवीस दिवस काय आणि अर्धा तास काय. त्या अर्ध्या तासात यांच्याकडे काहीही नसेल. आणि गुरुजी आलेच नाहीत तर?"

ऑपरेटर म्हणाला, "बाई, लोक थांबलेत."

"थांबू देत. आमचं टोकन मागे टाका."

दादांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मी ती प्रत उचलली, आडवी फाडली आणि तुकडे पर्समध्ये टाकले. माझे कान गरम झाले होते.

गुरुजी साडेबाराला आले, घामाघूम. सकाळी ओळखपत्र सापडेना म्हणून सगळं घर उलथंपालथं केलं, आणि शेवटी ते चष्म्याच्या डबीत निघालं. फोन त्या गडबडीत घरीच राहिला होता.

एक वाजून दहा मिनिटांनी ताईंनी गुरुजींच्या जमिनीच्या खरेदीखतावर सही केली. बाईंनी सहीखाली वेळ लिहायला लावली. फोटो झाला, अंगठा झाला, दस्ताला क्रमांक पडला. त्यानंतर बाईंनी पिशवी उघडली आणि दुसरं खरेदीखत बाहेर काढलं. एक वाजून पन्नास मिनिटं. दादांनी अंगठा ठेवला तेव्हा ताई रडत होत्या आणि हसतही होत्या. माझा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला.

नवा सातबारा महिना-सव्वा महिन्यात आला. ताईंचं नाव त्यावर होतं. बाईंनी ताईंची पट्टी पूर्ण केली, पोकळ चौकोन खोडरबरने पुसला आणि पट्टी फाइलला लावली.

मग एका रविवारी ताईंनी आम्हाला जमिनीवर बोलावलं. अर्ध्या एकरात वाफे झाले होते, हवेत आखायच्या अगदी तसेच. कडेला काळ्या पिशव्यांत रोपांची ओळ. ताईंनी बाईंचा हात धरून त्यांना विहिरीजवळच्या कोपऱ्यात नेलं. "हा कोपरा तुमचा. दोन गुंठे. मॅडम कागद करतील."

मी हसले. पण बाई हसल्या नाहीत. "माझ्या नावावर होत नाही तो," त्या म्हणाल्या. "दोन गुंठ्यांचा तुकडा पाडता येत नाही. आणि पाडता आला असता तरी मी शेतकरी नाही. मला विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही."

मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. चौतीस वर्षं आणि वर पाच, या बाईंनी दुसऱ्यांची शेतं कागदावर राखली होती, आणि त्यांना स्वतःला वीतभर घ्यायची मुभा नव्हती. वडिलांचे ते तेवीस दिवस अजून संपलेच नव्हते.

"परवानगीचा अर्ज करू," मी म्हटलं. "मी करते. फुकट."

"केला होता. नोकरीत असताना. नाही झाला." त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. वाकल्या, मूठभर माती उचलली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि परत जिथल्या तिथे ठेवली. कोणाच्या घरातली वस्तू बघून ठेवावी तशी.

"मग एक झाड तरी लावा," ताई म्हणाल्या. "ते झाड तुमचं."

"झाड जमिनीला धरून असतं. जमीन ज्याची, त्याचं झाड." आणि मग बाई पहिल्यांदा हसल्या. "तुम्हाला द्यायचंच असेल तर कुंडीत द्या. कुंडीला कोणी सातबारा विचारत नाही."

ताईंनी सगळ्यात मोठी कुंडी शोधली. त्या कोपऱ्यातलीच माती बाईंनी स्वतः दोन्ही हातांनी भरली, काठोकाठ, दाबून, आणि मध्ये लिंबाचं रोप लावलं. परतताना ती कुंडी त्यांनी मांडीवर घेतली. साडी चिखलाने भरली. रस्ता वीसच मिनिटांचा, पण मी सांगितल्याशिवाय गाडी हळू चालवली.

आता ती कुंडी आमच्या ऑफिसच्या खिडकीत आहे. रोज सकाळी बाई आधी तिला पाणी घालतात, मग भिंग हातात घेतात. परवा लिंबाला नवी पालवी आली. बाईंनी एक कोरी पट्टी घेतली, त्यावर तारीख लिहिली आणि ती कुंडीच्या मातीत खोचून ठेवली.